बिननावाचे 34 फोटो: कोकण, कोची की बगदादी?

मामा फोटोग्राफर होते. ते गेल्यावर मामीने त्यांची एक बिस्किटांची पेटी मला दिली. आत सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहांच्या, अंतर्भागाचे 34 प्रिंट आणि निगेटिव्हच्या पाच पट्ट्या निघाल्या. एकाही प्रिंटच्या पाठीवर जागेचं नाव नाही. आमच्या भागातल्या वाचनालयात ऑगस्टमध्ये ते लावायचं ठरलंय, तेव्हा प्रत्येकाखाली पाटी हवी. ज्यांना असंच काही ओळखायला बसायचंय त्यांच्यासाठी या नोंदी. चुका मुद्दाम खोडलेल्या नाहीत.

2 जून

आज नुसते ढीग केले. भारतात ज्यूंच्या तीन जुन्या परंपरा: कोकण आणि मुंबईतले बेने इस्रायल, केरळातले कोचिनी, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इराकच्या बाजूने मुंबई, पुणे, कोलकात्याला आलेले बगदादी. मामा ऐंशीच्या दशकात या तिन्हींच्या सिनेगॉगमध्ये गेले होते एवढं मामीला आठवतं.

पहिला ढीग छत बघून केला. लाकडी चौकटीचौकटींचं कोरीव छत दिसलं की केरळ. असे 12 निघाले. साधं फळ्यांचं छत असलं की कोकण, असे 15. उंच, गोऱ्यांच्या चर्चसारखं दिसणारं सगळं बगदादी, असे 6. एकात काहीच धड दिसेना, तो बाजूला ठेवला. तासाभरात काम झालं म्हणून खूश होते. पुढचे दोन महिने याच तासाभराची भरपाई करण्यात गेले.

5 जून

स्कॅनिंगला दिले. दर प्रिंटला 15 रुपये, एकूण 510. फाइल मिळाल्या त्या लहान. प्रिंटवरची चकाकी तशीच उमटलेली, आणि दुकानदाराने कडा 'नीट' कापून दिल्या. मीही काही बोलले नाही, पांढरी किनार गेली तर गेली असं वाटलं. त्या किनारीला लागून काय गेलं ते 26 जूनच्या नोंदीत आहे.

मग तक्ता मांडला. प्रत्येक फोटोसाठी मधला चौथरा, हेखाल, सज्जा, दिवे, छत, जमीन असे रकाने केले. तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ, तो वाचायचा कठडेबंद चौथरा म्हणजे तेबा. तोरांच्या गुंडाळ्या ठेवायची जागा म्हणजे हेखाल. अलिबागकडची मंडळी हेच शब्द वापरतात, म्हणून मीही तेच ठेवले.

9 जून

तक्त्यातले तीन रकाने आज रद्द केले, कारण 34 पैकी जवळजवळ सगळ्यांत उत्तर एकच येतंय.

पहिला रकाना होता 'तेबा मध्यभागी आहे का'. आहे, तिन्ही परंपरांत आहे. लोक भोवती बाकांवर बसतात आणि तेबा मधोमध असतो. दुसरा, तोरा कशात आहे. उभ्या, कडक, डब्यासारख्या पेटीत, आणि हेही तिन्हीकडे तसंच. तिसऱ्या रकान्यावर मी अख्खी संध्याकाळ घालवली. खिडक्यांतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीवरून हेखाल कुठल्या दिशेला आहे ते काढायला बसले होते. दोन फोटोंत जमलं, दोन्हीकडे पश्चिम आली. मग डोक्यात प्रकाश पडला: तोंड जेरुसलेमकडे असतं, आणि अलिबाग काय, कोची काय, कोलकाता काय, जेरुसलेम इथून पश्चिमेलाच. असल्या दिशेवरून प्रांत कसा कळणार?

टांगलेल्या काचेच्या दिव्यांचंही तेच. मोजून काढले, काही हाती आलं नाही.

13 जून

कोकणच्या ढिगातल्या फोटोंवर शंका येत होती म्हणून अलिबागला जायचं ठरवलं. गेटवेहून मांडव्याची लाँच पावसाळ्यात बंद, त्यामुळे एसटीने पनवेल, पेण करत गेले. जाऊन-येऊन दिवस गेला. तिकिटं, चहा, जेवण मिळून 640 रुपये. गाडी वडखळला तासभर अडकली ते वेगळंच.

अलिबागची इस्रायल आळी विचारत विचारत मागेन अबोथला पोचले. हे सिनेगॉग मुळात 1848 चं, आताची इमारत 1910 ची. तिथे एक वयस्कर काका भेटले. त्यांना मी फोनवर मामांचे फोटो दाखवले. मी आधी छत दाखवलं. त्यांनी छताकडे पाहिलंच नाही.

"ताई, आधी भिंतीवरच्या पाट्या बघा," म्हणाले. "आमच्याकडे कोणी काय दान दिलं ते मराठीत लिहिलेलं असतं. अमुक अमुक पेणकर यांच्या स्मरणार्थ. कोचीवाल्यांकडे मराठी पाटी कुठून येणार?"

मग त्यांनी एका फोटोत बोट ठेवलं. भिंतीला लागून उंच पाठीची एक खुर्ची होती, तिच्यावर कापड पांघरलेलं. मी ती तक्त्यात 'जुनं फर्निचर' म्हणून लिहिली होती! ती एलियाहू हनाबीची, म्हणजे ज्यूंच्या एलिया प्रेषिताची खुर्ची. सुंतेच्या वेळी बाळाला तिच्यावर ठेवतात, एरवी तिच्यावर कोणी बसत नाही. अशी खुर्ची इतर ज्यूंकडेही असते, पण कोकणात एलियाहू हनाबीला वेगळाच मान आहे. नवस त्याच्या नावाने, मलिदा त्याच्या नावाने. मलिदा म्हणजे पोहे, गूळ, नारळ. मला तर तो आपल्या घरच्या पूजेच्या प्रसादासारखाच वाटला.

निघताना काका म्हणाले, "आमच्या आजोबांच्या तोंडी सिनेगॉग हा शब्दच नव्हता. मशीदच म्हणायचे." घरी येऊन मामांची जुनी डायरी काढली. तिच्यात 'जुनी मशीद, 4 फोटो' अशी एक ओळ होती. मामा मुसलमानांच्या मशिदीतही फोटो काढायला गेले असतील म्हणून मी ती ओळ सोडून दिली होती. जुनी मशीद म्हणजे मांडवीचं शआर हारहमीम, मुंबईतलं सगळ्यांत जुनं सिनेगॉग, 1796 चं. चार फोटोंना एका झटक्यात नाव मिळालं.

15 जून

पाट्या वाचायच्या तर बारीक स्कॅन हवेत. या वेळी दुसऱ्या दुकानात गेले. 600 डीपीआय, कडा न कापता, दर प्रिंटला 40 रुपये, म्हणजे 1360. निगेटिव्हच्या पट्ट्यांचे 250 वेगळे. पहिले 510 पाण्यात गेले.

18 जून

आजचा घोळ निगेटिव्हचा. एका पट्टीतल्या चार चौकटी कुठल्याच प्रिंटशी जुळेनात. तेबा तोच, बाक तेच, पण खुर्ची प्रिंटमध्ये हेखालच्या उजवीकडे आणि निगेटिव्हमध्ये डावीकडे. दोन वेगळी सिनेगॉग असावीत असं समजून मी वेगळी नोंदही केली. रात्री मोठं करून पाहिलं तर भिंतीवरच्या पाटीत 'स्मरणार्थ' उलटा! दुकानात पट्टी उलटी ठेवली होती.

हिब्रू अक्षरं आपल्याला वाचता येत नाहीत, त्यामुळे ती उलटी पडली तरी डोळ्याला खुपत नाहीत. ती चूक मराठीने पकडून दिली. मराठी पाटी नसेल तर सोपी तपासणी अशी: निगेटिव्ह खिडकीच्या काचेला धरायचं, चकचकीत बाजू आपल्याकडे. फिल्मच्या कडेला छापलेले आकडे सरळ वाचता आले तर चित्र सरळ. हे मी तीन दिवसांनंतर केलं, पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

21 जून

आज हेखाल. या एका गोष्टीने सगळ्यांत जास्त काम केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या कोकणच्या ढिगात 9 आणि 10 नंबरचे फोटो होते. मुंबईतले हे नक्की, कारण त्याच पट्टीत पुढची चौकट फोर्टातल्या रस्त्याची. आत साधं छत, तीन बाजूंनी सज्जा, मधे तेबा. मुंबई आहे, साधं आहे, म्हणजे बेने इस्रायल, असा माझा हिशेब होता.

नव्या स्कॅनमध्ये 10 नंबरचा हेखाल उघडा दिसला. कोकणातल्या फोटोंत हेखाल उघडा असला की तो कपाटासारखा दिसतो. हात घातला की मागची फळी लागेल इतका खोल, आणि पेट्या एका रांगेत समोर उभ्या. 10 नंबरमध्ये समोर काळोख होता. पडद्याच्या फटीतून पेट्या दिसत होत्या त्या समोरून नाही, कडेने. डाव्या भिंतीला लागून एकामागे एक आत जात होत्या, आणि शेवटची पहिलीच्या निम्मीही दिसत नव्हती. म्हणजे आत खोली होती, माणूस चालत जाईल एवढी.

बगदादी सिनेगॉगमध्ये हेखाल असाच असतो. बाहेरून दार दिसतं, आत छोटी खोली आणि भिंतींच्या कडेने तोरा मांडलेल्या. इराकातली ही पद्धत त्यांनी इकडे आणली. त्यामुळे दार उघडं असेल तेव्हा पेट्या एका रेषेत समोर आहेत की आत आत लहान होत जातात, एवढंच बघायचं. 9 आणि 10 बगदादी ढिगात गेले.

अडचण पडदा बंद असतो तेव्हाची, आणि बहुतेक फोटोंत तो बंदच असतो. मग मी पडद्याच्या बाजूची भिंत बघते. कपाट असेल तर त्याच्या चौकटीची, महिरपीची सावली भिंतीवर पडते, कारण ते भिंतीपुढे आलेलं असतं. खोली असेल तर दार भिंतीच्या पातळीत असतं आणि भिंत बरेचदा मागे गोल गेलेली असते. हा अंदाजच आहे. कपाट भिंतीत बसवलेलं असलं तर फसतो. पडद्यावरून ओळखलेल्या तीन फोटोंपुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवलंय.

फोर्टातलं म्हणजे केनेसेथ एलियाहू, 1884 चं, ससून घराण्याने बांधलेलं. खात्रीसाठी मी जाऊन आले. आतल्या रंगांवरून मात्र काही ताडू नका. 2019 मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाला तेव्हा रंगकाम नव्याने झालंय. मी खांब आणि सज्जाच्या कठड्याची नक्षी जुळवली, ती जुळली.

26 जून

केरळचा ढीग मी सगळ्यांत पक्का धरला होता. आज तोच फुटला.

22 आणि 23 नंबर. छत लाकडी चौकटींचं, प्रत्येक चौकटीत कोरलेलं कमळ. खाली लाल-सोनेरी कोरीव हेखाल. याहून केरळी काय असणार? पण नव्या, कडा न कापलेल्या स्कॅनमध्ये उजव्या कोपऱ्यात नारिंगी आकडे होते: 98. जुन्या स्कॅनमध्ये नेमका तोच कोपरा कापला गेला होता.

मामीला फोन केला. "अगं, अठ्ठ्याण्णवला कुठली कोची? अठ्ठ्याण्णवला आम्ही इस्रायलला गेलो होतो ना, दिमोनाला. ह्यांचे शाळेतले मित्र तिकडे गेलेले. महिनाभर सगळे मराठीच बोलत होते."

मग फोटो पुन्हा पाहिला. बाक एकही नाही. वरून येणारा उजेड दिव्यांचा नाही, कोपऱ्यांत लपवलेल्या झोतांचा. आणि एका कडेला जाड दोरी लावलेली. जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममधलं दालन! कोचीतल्या मट्टांचेरीच्या कडवुंभागम सिनेगॉगचं लाकडी अंतरंग 1991 मध्ये विकत घेऊन तिकडे नेलं आणि तिथे पुन्हा उभं केलं. गंमत पुढे आहे. त्यातला हेखाल कडवुंभागमचा नाहीच, तो केरळातल्याच पारुरच्या सिनेगॉगमधला. कडवुंभागमचा स्वतःचा हेखाल आधीच दुसरीकडे गेलेला होता. पारुरला आज जाल तर तिथे त्याची प्रतिकृती दिसेल.

म्हणजे एका फोटोत छत एका गावचं, हेखाल दुसऱ्या गावचा, आणि फोटो काढला तिसऱ्याच देशात. पाटीवर तिन्ही लिहावं लागेल. मी एकच 'ठिकाण' असा रकाना केला होता, त्याचे आता दोन केले: 'वस्तू कुठली' आणि 'फोटो कुठला'.

कडवुंभागम नावाचं दुसरं सिनेगॉग एर्नाकुलमला आहे, बाजारात. नुसतं कडवुंभागम लिहून ठेवू नका, पुढे गाव लिहा.

30 जून

केरळच्या ढिगातला अजून एक गेला, 27 नंबर. हा नुसत्या छताचा फोटो, खाली काहीच नाही. लाकूड, चौकटी, म्हणून मी मट्टांचेरीचं परदेसी सिनेगॉग असं लिहून मोकळी झाले होते. कारण त्याच्या आधीची चौकट परदेसीची आहे, खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या स्वच्छ दिसतात. त्या फरश्या अठराव्या शतकात आल्या.

भिंगाखाली छतावर कमळांऐवजी ओळीने गोल, चमकणारे ठिपके दिसले. प्रत्येकावर एकाच बाजूला उजेडाचा कोंब, म्हणजे धातूची गोलसर वस्तू. ती पितळी वाट्यांची रांग होती. सिनेगॉगला लागूनच मट्टांचेरीचा राजवाडा आहे, त्याच्या भोजनगृहाच्या लाकडी छताला अशा पितळी वाट्या लावल्यात. मामा सिनेगॉगमधून निघून शेजारी गेले आणि रोल तसाच पुढे चालू राहिला, एवढीच गोष्ट.

यावरून छताचा रकाना मी तक्त्यात शेवटी ढकलला. केरळातलं लाकडी छत देवळात, मशिदीत, सुरियानी चर्चमध्ये, वाड्यात सगळीकडे सापडतं, कारण सुतार तेच. छत पाहून 'केरळ' म्हणता येतं. 'सिनेगॉग' म्हणायला खाली काहीतरी दिसायला हवं.

4 जुलै

मग उरलेले नऊ केरळी फोटो कशाच्या जोरावर पक्के करायचे? उत्तर ठाऊक होतं, पण फोटोत दिसत नव्हतं. कोचिनी सिनेगॉगमध्ये दोन तेबा असतात. एक खाली मधोमध, कठडा पितळी दांड्यांचा. दुसरा वर, सज्जात, हेखालच्या बरोबर समोर. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि सणांना तोरा वरच्या तेबावरून वाचत. त्याच्या मागे जाळीआड बायकांची जागा. ही रचना भारतात इतर कुठल्याच परंपरेत नाही.

पण फोटो काढणारा माणूस दारातून आत येतो आणि हेखालकडे तोंड करून उभा राहतो. वरचा तेबा त्याच्या पाठीमागे, डोक्यावर राहतो. नऊपैकी आठ फोटो असेच! जी खूण सगळ्यांत भरवशाची, ती कॅमेऱ्याच्या मागे.

दोन मार्ग सापडले. एक, चौकटीच्या अगदी पुढच्या कडा बघायच्या. वरच्या तेबाला खालून दोन खांबांचा आधार असतो. फोटोग्राफर त्यांच्या मागे उभा असेल तर दोन्ही बाजूंना अस्पष्ट, जाड उभ्या पट्ट्या येतात. चार फोटोंत त्या होत्या, आणि मी त्यांना दाराची चौकट समजत होते. दुसरा, उलट दिशेने काढलेला एखादा तरी फोटो शोधायचा. 25 नंबर तसा निघाला: हेखालजवळून दाराकडे पाहताना काढलेला. वर सज्जाचा कठडा मधोमध पुढे फुगलेला, आणि त्याच्या मागे जाळी. 25 मधला खालचा तेबा आणि बाक 24 आणि 26 मध्येही आहेत, म्हणून ते तिघे एका ठिकाणचे. उरलेल्या दोघांत खांबही नाहीत आणि उलटा फोटोही नाही. ते परदेसीचे ठरले ते फक्त चिनी फरश्यांमुळे.

आता कोणी नवे फोटो काढणार असेल तर कृपा करून एकदा मागे वळून वरही काढा.

11 जुलै

पैसे गेले. वाचनालयाला नमुना हवा होता म्हणून 17, 18 आणि 19 नंबरच्या मोठ्या पाट्या छापून घेतल्या, 350 रुपये. पाटीवर 'मागेन डेव्हिड, भायखळा, 1864'. आधार होता मामांच्या डायरीतली ओळ, 'मागेन डेव्हिड, 1 रोल'. मुंबईच्या माणसाला मागेन डेव्हिड म्हटलं की भायखळाच आठवणार, डेव्हिड ससूनने बांधलेलं.

काल भायखळ्याला जाऊन आले आणि काहीच जुळेना. रात्री 18 नंबर समोर ठेवून एकेक गोष्ट लिहून काढली. जमीन काळ्या-पांढऱ्या संगमरवराची, बुद्धिबळाच्या पटासारखी. हेखालची भिंत मागे गोल गेलेली, वर अर्धा घुमट, आणि त्या घुमटावर ओळीने तारे. फोटो कृष्णधवल आहे, पण घुमटाचा रंग भिंतीपेक्षा बराच गडद आणि तारे उजळ आहेत. निळ्यावर सोनेरी असणार.

मामीला विचारलं, मामा कधी कोलकात्याला गेले होते का. "गेले होते की, भाचीच्या लग्नाला." झालं. कोलकात्यातही मागेन डेव्हिड आहे, 1884 चं, एझ्रा घराण्याने बांधलेलं. ताऱ्यांचा अर्धघुमट आणि पटासारखी फरशी दोन्ही तिथली. अलीकडच्या रंगीत फोटोंशी ताडलं, खांबांच्या माथ्यांपर्यंत जुळलं. एका चौकटीत कडेला टोपी घातलेला एक देखरेख करणारा माणूस उभा आहे. कोलकात्याच्या सिनेगॉगची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कुटुंबं करत आली आहेत, त्यांपैकीच कोणी असेल, पण पाटीवर ते लिहिलं नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. 'बगदादी' हे माझं उत्तर 2 जूनला बरोबर होतं, आणि ते बरोबर असल्यामुळेच मी पुढे तपासलं नाही. परंपरा कळली म्हणजे इमारत कळली असं समजले. ससून मुंबईत आणि एझ्रा कोलकात्यात, दोघांनी एकाच धाटणीची सिनेगॉग बांधली आणि नावही एकच. त्यात निवाडा केला तो घुमटाने. म्हणजे ज्या छताला मी 30 जूनला तक्त्यात शेवटी टाकलं होतं, त्यानेच इथे काम केलं. केरळात छत प्रांत सांगतं पण इमारत सांगत नाही, इथे नेमकं उलट झालं. तक्त्यात छत शेवटीच ठेवलंय, फक्त 'घुमट किंवा गोल भिंत असेल तर आधी बघ' असं समासात लिहिलं.

20 जुलै

कोकणचे 13 आता स्थिर आहेत. त्यांपैकी चार जुन्या मशिदीचे, बाकीच्यांत पाट्यांवरच्या आडनावांनी मदत केली. पण यात एक फसवणूक आहे. पाटीवर 'पेणकर' असलं म्हणजे फोटो पेणचा असं नाही. कर लावणारी आडनावं गाव सांगतात ते पूर्वजांचं, आणि पेणकर ठाण्यातही दान देतात. मी एक फोटो याच चुकीने पेणला नेऊन ठेवला होता. तेबाच्या कातीव लाकडी दांड्यांची घडण ठाण्याच्या दोन फोटोंशी तंतोतंत जुळली तेव्हा परत आणला. आडनावापेक्षा दांड्यांवर विश्वास ठेवा. सुतार दोन ठिकाणी अगदी तसेच दांडे सहसा कातत नाही, आणि दुरुस्तीत कठडा बदलला तरी एखादा जुना दांडा कोपऱ्यात राहतो.

2 ऑगस्ट

आजचा हिशेब: कोकण आणि मुंबईचे बेने इस्रायल 13, बगदादी 8, केरळ 9, जेरुसलेमच्या म्युझियममधले 2, मट्टांचेरीचा राजवाडा 1. एकूण 33. खर्च स्कॅनिंग, प्रवास आणि वाया गेलेल्या पाट्या धरून 3,110 रुपये. फोर्ट आणि भायखळ्याच्या लोकलचे पैसे यात धरले नाहीत, पास होता.

राहिला 34 वा, पहिल्या दिवशी बाजूला काढलेला. मधे तेबाचा कठडा, मागे पडदा बंद, वर सपाट पांढरं छत आणि पंखा. पाटी नाही, खुर्ची नाही, सज्जा चौकटीबाहेर. अलिबागच्या काकांना पाठवला होता, त्यांचा निरोप आला: "पंखा आमच्याकडे होता तसाच आहे. पण तसा पंखा तेव्हा सगळ्यांकडेच होता." छापायला दिलेली त्याची पाटी अशी: 'सिनेगॉग, जागा माहीत नाही. ओळखत असाल तर काउंटरवर सांगा.'